आदराचे बहुवचन लेखनात कसे सांभाळावे

ह्या वार्षिकाच्या मराठी विभागाकरिता मुलामुलींचे जे लेख आमच्याकडे येतात, त्यांतील पुष्कळसे लेख घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींचे असतात. आजोबांनी पाहिलेला पूर, आजीच्या बालपणीची शाळा, गावातल्या जुन्या गुरुजींची एखादी आठवण, असे त्यांचे विषय. विषय चांगला असतो, भाषाही साधी व स्वच्छ असते. परंतु एक दोष इतक्या वेळा आढळतो की, त्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले. ज्या व्यक्तीविषयी पहिल्या ओळीत ‘ते आले’ असे लिहिले, त्याच व्यक्तीविषयी तिसऱ्या ओळीत ‘त्याने सांगितले’ असे येते, आणि पाचव्या ओळीत पुन्हा ‘ते गेले’ असे येते. वाचणारास वाटते की, मध्येच कोणी दुसराच इसम आला असावा, आणि तो मागची ओळ पुन्हा वाचू लागतो.

व्यक्ती एक असून तिच्याविषयीचा आदर दाखविण्याकरिता आपण अनेकवचन योजतो, ह्यास आदरार्थी बहुवचन म्हणतात. ‘गुरुजी आले’ ह्यात गुरुजी एकच, पण क्रियापद अनेकांचे. बोलताना ह्यात चूक झाली तरी ती फारशी जाणवत नाही; कारण बोलणाराचा आवाज, त्याची मुद्रा, कोणाकडे पाहून तो बोलतो, ह्या सर्वांवरून ऐकणारास अर्थ कळतो. लेखनात हे साह्य नसते. म्हणून तोंडची हकीगत कागदावर उतरविताना, म्हणजे बोली बदलून ती लेखी मराठीत आणताना, हा दोष विशेष करून शिरतो. तो कसा शिरतो व कसा काढावा, हे आम्ही एका खऱ्या उदाहरणावरून दाखविणार आहो. त्या उदाहरणात विद्यार्थिनीची चूक थोडी आणि आमची अधिक होती, हेही वाचकांस दिसून येईल.

आठव्या इयत्तेतील एका मुलीने आपल्या आजीबाईंची एक आठवण लिहून आणली. आजीबाई खेड्यात वाढलेल्या. त्यांच्या लहानपणी शाळा तपासावयास जे अधिकारी येत, त्यांस गावोगाव ‘दिपोटी’ म्हणत. आजीबाईंनी सांगितलेली हकीगत त्या मुलीने प्रथम जशीच्या तशी टिपून ठेवली होती, हे फार चांगले झाले. ती अशी:

‘आमचा मास्तर कडक, पण मनानं सोनं. एके दिवशी दिपोटी आला. मी लंगडत शाळेत आले. शिपाईबाबा दारातच बसले होते. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला अन् सुईनं काटा काढला. दिपोटी बघत होता. त्यानं मास्तराला विचारलं, ही पोर कोणाची? मास्तर म्हणाला, मला तिच्या बापाचं नाव ठाऊक आहे, पण तो कधी शाळेत आला नाही. दिपोटी हसला. त्यानं मला एक नवी पाटी दिली. घरी गेले तर बा दारात उभा होता. त्याला वाटलं, मी पाटी चोरून आणली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः शाळेत गेला. मास्तर म्हणाला, मी तिथंच उभा होतो, पाटी साहेबानं दिली.’

ह्या टिपणावरून त्या मुलीने जो पहिला लेख तयार केला, त्यात ‘मास्तर कडक होता पण मनाने चांगले होते’, ‘साहेब आले व तो हसला’, ‘पणजोबा दारात उभा होते’, अशी वाक्ये होती. आम्ही लाल शाईने समासात लिहिले, ‘मोठ्या माणसांविषयी सर्वत्र बहुवचन ठेव,’ आणि लेख परत दिला. ती मुलगी आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी तिने जी नवी प्रत आणली, तीत पुढील वाक्य होते: ‘साहेबांनी आजीला एक नवी पाटी दिल्या.’ पाटी एक, आणि क्रियापद ‘दिल्या’! प्रथम तिने ‘दिली’ असेच लिहिले होते. ते खोडून वर ‘दिल्या’ केले होते. आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘आपणच सर्वत्र बहुवचन ठेवावयास सांगितले होते.’ तिचे म्हणणे खरे होते. आमची सूचनाच अपुरी होती. ‘सर्वत्र’ हा शब्द चुकीचा होता.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, आदराचे बहुवचन वाक्यात नेमके कोठे राहते, हे समजून घेतले पाहिजे. ह्याकरिता एकच साधी खूण पुरे आहे. ज्या व्यक्तीचा आदर करावयाचा, तिचे नाव वाक्यात मोकळे आहे की त्यास प्रत्यय लागला आहे, एवढे पाहावे.

नाव मोकळे असेल, म्हणजे नुसते ‘मास्तर’, ‘साहेब’, ‘बाई’, ‘काका’ असे असेल, तर क्रियापद त्या नावाच्या मागे चालते, आणि आदर क्रियापदात दिसतो. ‘मास्तर आला’ ह्याचे ‘मास्तर आले’ होते; ‘मास्तर येतो’ ह्याचे ‘येतात’, ‘येईल’ ह्याचे ‘येतील’, ‘म्हणाला’ ह्याचे ‘म्हणाले’. स्त्रीविषयी बोलताना ‘आली’ ह्याचे ‘आल्या’, ‘म्हणाली’ ह्याचे ‘म्हणाल्या’, ‘होती’ ह्याचे ‘होत्या’. ‘आमच्या बाई आल्या, पण त्या फार थकल्या होत्या’ असे लिहावे. ‘बाई आले’ असे पुल्लिंगी बहुवचन स्त्रीस लावू नये.

मोकळ्या नावाबरोबर केवळ क्रियापदच बदलते असे नाही. त्या व्यक्तीची जी विकारी विशेषणे वाक्यात असतील, तीही बदलतात. ‘आमचा मास्तर’ ह्याचे ‘आमचे मास्तर’. ‘रागावलेला’ ह्याचे ‘रागावलेले’. ‘एकटा’ ह्याचे ‘एकटे’. ‘उभा’ ह्याचे ‘उभे’. स्त्रीविषयी ‘उभी राहिली’ ह्याचे ‘उभ्या राहिल्या’. ‘कडक’, ‘शांत’, ‘उंच’ ही विशेषणे कोणाकरिताही बदलत नाहीत, म्हणून त्यांची चिंता नाही. ‘पणजोबा दारात उभा होते’ ह्या वाक्यात मुलीने क्रियापद सुधारले, पण ‘उभा’ तसाच राहू दिला. अर्ध्या वाक्यात पणजोबांस आदर मिळाला आणि अर्ध्यात मिळाला नाही. ‘उभे होते’ असे दोन्ही ठिकाणी बदल केल्याने वाक्य नीट झाले.

मोकळ्या नावाच्या वाक्यात सर्वांत अधिक चुकणारा शब्द म्हणजे शेवटचा ‘नाही’. ‘गुरुजी आज आले नाही’, ‘साहेब काही बोलले नाही’, असे लेखांतून वारंवार आढळते. ‘आले’ म्हणताना आदर आठवतो, पण वाक्य संपता संपता लिहिणारा सैल होतो. येथे ‘नाही’ हेदेखील क्रियापदच आहे व त्याचे बहुवचन ‘नाहीत’ असे आहे. ‘गुरुजी आले नाहीत’, ‘साहेब बोलले नाहीत’, ‘बाई येत नाहीत’ असे लिहावे. भूतकाळी ‘नव्हता’ ह्याचे ‘नव्हते’ आणि ‘नव्हती’ ह्याचे ‘नव्हत्या’. लेख पुरा झाल्यावर ‘नाही’ हा एकच शब्द शोधीत सबंध लेखावरून नजर फिरविली, तरी निम्मे दोष हाती लागतात, असा आमचा अनुभव आहे.

आता नावास प्रत्यय लागला असेल तर काय होते ते पाहू. ‘साहेबांनी पाटी दिली.’ येथे ‘साहेब’ हे नाव मोकळे नाही, त्यास ‘नी’ लागला आहे. अशा वाक्यात क्रियापद साहेबांच्या मागे जात नाही, ते पाटीच्या मागे जाते. पाटी एक असेल तर ‘दिली’, अनेक असतील तर ‘दिल्या’. साहेबांऐवजी एखाद्या लहान मुलाने पाटी दिली असती, तरी ‘मुलाने पाटी दिली’ असेच झाले असते. ह्या प्रयोगास व्याकरणात कर्मणी प्रयोग म्हणतात. मग येथे साहेबांचा आदर कोठे राहिला? तो प्रत्ययात राहिला. ‘साहेबाने’ व ‘साहेबांनी’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात अनुस्वार नाही व प्रत्यय ‘ने’ आहे. दुसऱ्यात अनुस्वार आहे व प्रत्यय ‘नी’ आहे. सगळा आदर त्या अनुस्वारात व त्या ‘नी’ मध्ये साठविलेला आहे.

हाच प्रकार इतर प्रत्ययांचा. ‘मास्तराला’ व ‘मास्तरांना’, ‘मास्तराचा’ व ‘मास्तरांचा’, ‘मास्तराकडे’ व ‘मास्तरांकडे’, ‘त्याच्याकडे’ व ‘त्यांच्याकडे’, ह्या जोड्यांत पुष्कळ वेळा फरक केवळ एका टिंबाचा असतो. ‘बाईने’ म्हणजे कोणी एका स्त्रीने. ‘बाईंनी’ म्हणजे आपल्या शिक्षिकेने. म्हणून लेखाची स्वच्छ प्रत काढताना टिंबे गळू देऊ नयेत. ‘गुरुजीने सांगितले’ असे लिहिणाऱ्याच्या मनात अनादर नसतो, हे आम्ही जाणतो. पण कागदावर तो उतरतो, आणि वाचणारापुढे कागदच असतो.

प्रत्यय लागलेल्या नावाच्या वाक्यात क्रियापद बहुवचनी करण्याचा मोह का होतो, ह्यास एक कारण आहे. ‘गुरुजींनी पत्र लिहिले’, ‘साहेबांनी सांगितले’ ह्या वाक्यांतील ‘लिहिले’, ‘सांगितले’ ही रूपे ‘आले’, ‘गेले’ ह्यांसारखीच दिसतात. विद्यार्थ्यास वाटते की, येथेही शेवटचा ‘ले’ गुरुजींच्या आदराकरिताच आला. वस्तुतः तो तसा नाही. ‘पत्र’ हे नपुंसकलिंगी एकवचन आहे व ‘लिहिले’ हेही नपुंसकलिंगी एकवचनच आहे. ‘गड्याने पत्र लिहिले’ असे म्हटले तरी क्रियापद तेच राहते. जुन्या पुस्तकांत नपुंसकलिंगी ‘लिहिलें’, ‘सांगितलें’ ह्यांवर अनुस्वार छापीत, आणि ‘गुरुजी आले’ ह्यातील ‘आले’ वर तो नसे. त्यामुळे दोन्ही रूपे डोळ्यांस वेगळी दिसत. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हा अनुस्वार लेखनातून गेला, आणि तेव्हापासून ही दोन रूपे एकसारखी दिसू लागली. घरी आजोबांच्या कपाटात एखादे जुने पुस्तक असेल, तर त्यातले एक पान उघडून ही टिंबे पाहावीत. म्हणजे हा भेद एकदम ध्यानात येईल.

शंका पडल्यास परीक्षा सोपी आहे. वाक्यातील वस्तू बदलून पाहावी. ‘साहेबांनी पुस्तक दिले’ ह्यातील ‘दिले’ हे आदराचे आहे की पुस्तकाचे, हे कळत नसेल, तर पुस्तकाच्या जागी पाटी घालावी. ‘साहेबांनी पाटी दिली’ असे होते. पाटी घालताच क्रियापद बदलले, म्हणजे ते वस्तूच्याच मागे चालले होते, साहेबांच्या नव्हे. ‘साहेबांनी पाटी दिली नाही’ ह्या वाक्यात ‘नाही’ हे एकवचन राहते, तेही ह्याच कारणाने. पाटी एक आहे. ‘साहेबांना राग आला’ ह्यात क्रियापद रागाचे आहे. ‘राग आले’ असे होत नाही. आणि ‘मुलांनी गुरुजींना बोलावले’ ह्यात तर क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही. ह्या सर्व वाक्यांत आदरणीय व्यक्तीच्या नावास प्रत्यय आहे, आणि आदर प्रत्ययातच आहे.

येथवर रूपांचा विचार झाला. आता दुसऱ्याचे बोलणे आपल्या शब्दांत सांगताना जी अडचण येते, तिजकडे वळू. मास्तर म्हणाले होते, ‘मी तिथंच उभा होतो.’ मनुष्य स्वतःचा आदर स्वतः करीत नाही. मास्तर असोत की मामलेदार, स्वतःविषयी ते ‘मी आलो’ असेच म्हणतात. तुकाराम महाराजांनी आपल्या अभंगांच्या शेवटी स्वतःचे नाव घातले, ते एकवचनातच घातले. आपण मात्र त्यांचा आशय सांगताना ‘तुकाराम महाराज म्हणतात’ असेच लिहितो. तेव्हा वडील माणसाचे ‘मी’ जेव्हा आपल्या लेखात ‘ते’ होते, तेव्हा एकवचनाचे बहुवचन करण्याचे काम लिहिणाराकडे येते. ‘मास्तर तेथेच उभे होते’ हे झाले सरळ कथन.

परंतु मराठीत दुसरीही एक रीत आहे. ‘आपण तेथेच उभे होतो, असे मास्तर म्हणाले.’ येथे ‘मी’ बद्दल ‘आपण’ आला. ह्या ‘आपण’ विषयी विद्यार्थ्यांचा फार गोंधळ होतो. समोरच्या माणसास मानाने ‘आपण यावे’ असे म्हणतो, तो ‘आपण’ आदराचा आहे. पण दुसऱ्याचे बोलणे सांगताना येणारा हा ‘आपण’ आदराचा नाही. तो केवळ ‘ज्याने हे म्हटले तो स्वतः’ एवढे दाखवितो, आणि तो सर्वांस सारखाच लागतो. ‘आपण तेथे उभे होतो, असे चोराने कबूल केले’ असेही लिहिता येते. त्याच्याबरोबरचे क्रियापद ‘आम्ही’ बरोबर येते तसे येते: ‘आपण उभे होतो’, ‘आपण उद्या येणार आहोत’, ‘आपण येणार नाही’. मुलीने लिहिले होते, ‘आपण तेथे उभे होते, असे मास्तर म्हणाले.’ ‘ते उभे होते’ आणि ‘आपण उभे होतो’ ह्या दोन रीती तिने एकीत मिसळल्या. मग ह्या वाक्यात मास्तरांचा आदर कोठे दाखवावा? तो ‘म्हणाले’ मध्ये दाखवावा. कारण तेथे ‘मास्तर’ हे नाव मोकळे आहे. ‘असे मास्तरांनी सांगितले’ असे लिहिल्यास तो ‘मास्तरांनी’ मध्ये राहील.

आणखी एक अडचण ह्याहून नाजूक आहे. मास्तर मुलीच्या वडिलांविषयी म्हणाले, ‘तो कधी शाळेत आला नाही.’ मास्तर वयाने मोठे असतील, गावाची तशी रीतच असेल. त्यांनी ‘तो’ म्हटले. पण लेख लिहिणाऱ्या मुलीचे ते पणजोबा. तिने काय लिहावे? येथे नियम असा की, अवतरणचिन्हांच्या आत जे शब्द असतात ते बोलणाराचे, आणि त्यांतील आदर वा सलगीही बोलणाराची. अवतरणाच्या बाहेरचे शब्द लिहिणाराचे, आणि तेथील आदर लिहिणाराने ठरवावयाचा. मास्तरांचे वाक्य चिन्हांत जसेच्या तसे द्यावयाचे असेल, तर ‘तो कधी शाळेत आला नाही’ हेच राहू द्यावे. ते सुधारून चिन्हांत ‘ते आले नाहीत’ असे घातले, तर मास्तरांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेले शब्द घातल्यासारखे होईल. मात्र चिन्हे काढून आपल्या शब्दांत सांगावयाचे असेल, तर ‘तिचे वडील कधी शाळेत आले नाहीत’ असे लिहावे. अशा वेळी ‘बाप’ ह्या शब्दाचाही ‘वडील’ करावा; कारण ‘बाप’ हा शब्द आणि ‘आले नाहीत’ हे क्रियापद एकमेकांस शोभत नाहीत. ‘वडील’ हा शब्द नेहमी बहुवचनातच चालतो. ‘माझा वडील आला’ असे कोणी म्हणत नाही.

घराघरांत हे रोज घडते. आजी आपल्या मुलाविषयी म्हणते, ‘तो अजून आला नाही.’ नातू हीच गोष्ट सांगताना म्हणतो, ‘बाबा अजून आले नाहीत, असे आजी म्हणाली.’ मनुष्य एकच, पण एकीचा तो मुलगा व दुसऱ्याचे ते वडील. बोलताना लहान मूलही हा बदल बिनचूक करते. लेखणी हाती आली की मात्र ऐकलेल्या वाक्याचा अर्धा भाग तसाच उतरतो व अर्धा बदलला जातो.

वरील वाक्यात ‘आजी म्हणाली’ हे एकवचन का, असे कोणी विचारील. आई व आजी ह्यांच्याविषयी आपण घरात प्रेमाने एकवचन वापरतो. देवासही ‘तू’ म्हणतो. ही सलगी आहे, अनादर नव्हे. म्हणून नातवाने आजीविषयी ‘आली, म्हणाली’ असे लिहिले तर ते चूक नाही. आम्ही ह्या लेखात त्याच आजींविषयी ‘आजीबाई म्हणाल्या’ असे लिहितो, कारण आमचे त्यांच्याशी तसे नाते नाही. दोन्ही बरोबर, परंतु एका लेखात एका व्यक्तीकरिता एकच रीत धरावी. पहिल्या परिच्छेदात ‘आजी म्हणाली’ व दुसऱ्यात ‘आजी थकल्या होत्या’ असे होऊ नये.

तेव्हा लिहावयास बसण्यापूर्वी कागदाच्या कडेला लेखातील माणसांची एक लहान यादी करावी व प्रत्येकापुढे ‘एक’ किंवा ‘अनेक’ असे लिहून ठेवावे. आम्ही त्या मुलीस शेजारी बसवून अशी यादी केली. आजी, एक. मास्तर, अनेक. दिपोटीसाहेब, अनेक. पणजोबा, अनेक. मग शिपायापाशी आलो. मुलीच्या दोन्ही प्रतींत वाक्य असे होते: ‘शाळेचा शिपाई दारात बसला होता. त्याने तिचा पाय मांडीवर घेतला.’ हे वाक्य आमच्या लाल शाईतून दोनदा सुटले होते. कारण त्यात व्याकरणाची चूक नव्हती. ‘शिपाई’, ‘बसला’, ‘त्याने’, सर्व एकवचनी, सर्व सुसंगत. आम्ही यादीत ‘शिपाई, एक’ असे लिहिणार, तोच ती मुलगी म्हणाली, ‘पण आजीला हे आवडले नाही. मी तिला लेख वाचून दाखविला, तेव्हा ती म्हणाली, मी शिपाईबाबांना कधी अरेतुरे केले नाही. तू का करतेस?’

आम्ही मूळ टिपण पुन्हा काढून पाहिले. आजीबाईंच्या बोलण्यात मास्तर ‘आला’ होता, दिपोटी ‘आला’ होता, प्रत्यक्ष वडीलही ‘उभा’ होता. खेड्यातल्या साध्या बोलीत हे चालते. साऱ्या हकीगतीत बहुवचन एकाच माणसाला मिळाले होते. ‘शिपाईबाबा बसले होते. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला.’ लेखी मराठीत आणताना मुलीने इतर सर्वांस वर चढविले, आणि ज्यांस आजीबाईंनी वर बसविले होते, त्या एकट्यांस खाली उतरविले. आम्ही ते वाचले व आम्हांसही त्यात काही वावगे दिसले नाही. साहेब म्हटले की ‘आले’ आणि शिपाई म्हटले की ‘आला’, अशी आमच्या कानास सवय झाली होती. सुसंगती पाहताना रूपांची सुसंगती पाहिली. सांगणाराच्या मनाशी सुसंगती आहे की नाही, हे पाहिले नाही.

ह्यावरून यादी करताना एक गोष्ट अधिक पाहावी. सांगणाराने कोणास बहुवचन दिले असेल, तर ते लिहिणाराने काढून घेऊ नये. सांगणाराने बोलीच्या ओघात एकवचन वापरले असेल, तेथे आपल्या नात्याप्रमाणे व लेखाच्या रीतीप्रमाणे बहुवचन करण्यास हरकत नाही. वर चढविण्यास लिहिणारा मोकळा आहे; खाली उतरविण्यापूर्वी त्याने मूळ टिपण पुन्हा वाचावे.

यादी पुरी झाल्यावर मुलीने लेख तिसऱ्यांदा लिहिला. तो भाग येथे देतो:

‘आमच्या आजीचे मास्तर कडक होते, पण मनाने सोन्यासारखे होते. एके दिवशी शाळेत दिपोटीसाहेब आले. आजी लंगडत शाळेत आली. शिपाईबाबा दारातच बसले होते. त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि सुईने काटा काढला. दिपोटीसाहेब हे पाहत होते. ही मुलगी कोणाची, असे त्यांनी मास्तरांना विचारले. आपल्याला तिच्या वडिलांचे नाव ठाऊक आहे, पण ते कधी शाळेत आले नाहीत, असे मास्तर म्हणाले. दिपोटीसाहेब हसले. त्यांनी आजीला एक नवी पाटी दिली. आजी घरी गेली, तेव्हा पणजोबा दारात उभे होते. तिने पाटी चोरून आणली, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत गेले. आपण तेथेच उभे होतो, पाटी साहेबांनी दिली, असे मास्तर म्हणाले.’

ह्या उताऱ्यात वाचकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ‘त्यांनी पाय घेतला’, ‘काटा काढला’, ‘पाटी दिली’ ही क्रियापदे एकवचनी आहेत व ती तशीच योग्य आहेत. आदर ‘त्यांनी’ मध्ये आला आहे. दुसरी गोष्ट अशी की, ‘दिपोटीसाहेब’ हे नाव मुलीने पुन्हा पुन्हा लिहिले आहे. सर्वांस बहुवचन दिले म्हणजे सर्वच ‘ते’ होतात, आणि ‘ते हसले’ म्हटल्यास मास्तर हसले, दिपोटीसाहेब हसले की दोघेही हसले, हे कळत नाही. आदरार्थी बहुवचनाची ही एक अडचण आहे, आणि तिजवर उपाय एकच: जेथे दोन आदरणीय व्यक्ती जवळ येतील, तेथे सर्वनाम सोडून नाव लिहावे. नाव दोनदा आल्याने लेख बिघडत नाही. वाचणारा अडखळला तर बिघडतो.

लेख तपासण्याची रीतही ह्यावरून ठरते. सर्व लेख एकदम तपासू नये. एका वेळी एकच व्यक्ती धरावी. प्रथम केवळ मास्तर. जेथे जेथे मास्तर आहेत, तेथे नाव मोकळे आहे की प्रत्ययाचे, हे पाहावे. मोकळे असेल तर क्रियापद, विशेषण व शेवटचा ‘नाही’ पाहावा. प्रत्ययाचे असेल तर टिंब पाहावे व क्रियापदास हात लावू नये. मग दुसरी व्यक्ती घ्यावी. चार माणसांचा एक पानाचा लेख ह्या रीतीने तपासावयास दहा मिनिटे पुरतात. घरी पालकांनी मुलांचा लेख ऐकताना एवढेच विचारावे की, ‘हे ते कोण?’ जेथे मुलास उत्तर देताना थांबावे लागेल, तेथे बहुधा वचन बदललेले असेल किंवा नाव हवे असेल.

तो लेख ह्या अंकाकरिता आम्ही घेतला आहे. छापण्यापूर्वी मुलीने तो पुन्हा एकदा घरी नेऊन आजीबाईंस वाचून दाखविला. त्यांनी मध्येच थांबवून शिपाईबाबांचे वाक्य दुसऱ्यांदा वाचावयास सांगितले, असे ती म्हणाली.